आधी भाषा, मग नाव

सोमवारी सकाळी दहा-साडेदहाला मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या ऑफिसात हा प्रसंग घडतो. मीटिंग सुरू होते आणि साहेब म्हणतात, "आज आपल्याकडे नवीन जॉइनिंग आहे, जरा ओळख करून द्या." नवी व्यक्ती उठून उभी राहते. तोंड उघडण्याआधी तिला एक निर्णय घ्यावा लागतो, पण तो घ्यायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. कुठल्या भाषेत बोलायचं? मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लास 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ची उत्तरं पाठ करून घेतात. पण तिथं समोर एक माणूस असतो आणि भाषा आधीच ठरलेली असते. इथं समोर पंचवीस-तीस माणसं असतात, आणि त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत.

मुंबईत हे काही अपवादानं होत नाही. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्यात मराठी मातृभाषा सांगणारे साधारण ४४ लाख आणि हिंदी सांगणारे साधारण ३६ लाख. बाकीच्यांत गुजराती, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, बंगाली, कोकणी, सिंधी असे सगळे. मराठी सर्वांत मोठी खरी, पण निम्म्याहून जास्त लोकांची अशी एकही भाषा या शहरात नाही. त्यामुळे 'बहुतेकांना जी येते ती बोलावी' हा सोपा नियम इथं फारसा कामाला येत नाही.

एक प्रसंग कल्पून तो तपशिलात पाहू. समजा, तिचं नाव ज्ञानदा काळे. लातूरची, बी.कॉम., तीन वर्षं पुण्यात माल वाहतुकीच्या विम्याचे क्लेम्स पाहिलेली. आता मुंबईतल्या एका वाहतूक कंपनीत रुजू झाली आहे. काम तेच. ट्रकमधून गेलेला माल फुटला, भिजला किंवा कमी भरला, तर विमा कंपनीकडे दावा लावायचा. खोलीत कोण कोण आहे? विभागप्रमुख पालक्काडचे. त्यांची मल्याळम घरी, इंग्रजी ऑफिसात, हिंदी बऱ्यापैकी, आणि मराठी समजते पण बोलायला संकोच. अकाउंट्समधले दोघे बोरिवलीचे गुजराती. त्यांना चारही भाषा चालतात. कोलकात्याहून नुकतीच आलेली एक बंगाली मुलगी आहे. डिस्पॅचचे सुपरवायझर जौनपूरचे. वीस-बावीस वर्षं मुंबईत आहेत, मराठी चांगली समजते, इंग्रजी मात्र कागदावरच्या शब्दांपुरती. पाचसहा मराठी माणसं आहेत, त्यांतले निम्मे कोकणातले. भिंतीवरच्या स्क्रीनवर चेन्नईची शाखा आहे. तिथल्या तिघांपैकी दोघांना हिंदी जवळजवळ येत नाही.

ज्ञानदाच्या तोंडून, न ठरवता, जे येईल ते साधारण असं असेल:

"हाय एव्हरीवन, मायसेल्फ ज्ञानदा काळे. मैं लातूर से हूं, म्हणजे मराठवाडा, माहितीच असेल सगळ्यांना. तो मैं बी.कॉम. किया, उसके बाद पुणे में थ्री इयर्स क्लेम्स बघत होते, आणि हम लोग वहां सगळं पीओडीवर रिमार्क असेल तरच पुढे पाठवायचो. तो ॲक्च्युअली तुम लोग को कुछ भी हो तो मुझे बताओ."

मराठी वाचकाला हे सहज कळतं, कारण आपण रोज असंच बोलतो. आता खोलीतल्या एकेकाच्या कानानं ऐका. चेन्नईच्या दोघांना नाव, 'थ्री इयर्स क्लेम्स' आणि 'पीओडी' एवढंच पोचलं. बंगाली मुलीला 'बघत होते' आणि 'पाठवायचो' या दोन ठिकाणी खड्डा लागला, आणि नेमका तिथंच कामाचा मुद्दा होता. जौनपूरच्या सुपरवायझरना सगळं समजलं, पण शेवटचं 'तुम लोग' कानाला लागलं. विभागप्रमुखांना समजलं, मात्र 'हम लोग' म्हणजे पुण्याचं जुनं ऑफिस की इथलं, हा प्रश्न राहिला. अवघं मिनिटभराचं बोलणं, आणि प्रत्येकानं वेगळाच भाग गमावला.

यावर सरळ उपाय सुचतो तो म्हणजे एकच भाषा निवडावी आणि त्यात दुसरीचा शब्द येऊ देऊ नये. तो उपायही खोलीत टिकत नाही. शुद्ध इंग्रजीत बोलली तर डिस्पॅचचे सुपरवायझर बाहेर राहतात, आणि क्लेमच्या कामात पहिला कागद त्यांच्याच हातून येतो. शिवाय इंग्रजी सगळ्यांना सारखीच परकी, म्हणून ती तटस्थ, असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. प्रांताप्रांतांत ती तटस्थ असेल, पण केबिन आणि गोडाऊन यांच्यात ती मुळीच तटस्थ नाही. हिंदीत बोलली तर स्क्रीनवरची शाखा बाहेर. शिवाय हिंदीला आता राजकारणाची धार आहे. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचे शासन निर्णय २०२५च्या जूनअखेर मागे घ्यावे लागले, तेव्हापासून मुंबईच्या ऑफिसांत कोण कुठल्या भाषेत बोललं याकडे लोक जास्तच कान देतात. आणि मराठीत? ती राज्याची भाषा आहे आणि खोलीतल्या पुष्कळांना समजते, पण चेन्नईला अजिबात नाही.

बहुभाषक जागेत लोक भाषा कशी निवडतात, याचा एक जुना आणि गाजलेला अभ्यास आपल्याकडचाच आहे. सांगलीजवळचं कुपवाड आता महापालिकेत आलं आहे. १९६०च्या दशकात ते तीनेक हजार वस्तीचं गाव होतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तिथल्या बोलण्यावर लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवला गेला. गावातल्या जैन शेतकऱ्यांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, आणि दलित व भूमिहीन घरांत मराठी. पण जैन आणि मुसलमान समोरासमोर आले की बोलणं बहुधा मराठीत व्हायचं, कारण गावातल्या त्या दोन वजनदार गटांपैकी कुणाच्याच घरची ती भाषा नव्हती. आपल्या दृष्टीनं याहून महत्त्वाची त्यांची दुसरी नोंद आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांच्या वाक्यांचे सांगाडे इतके सारखे झाले होते, की एका भाषेतल्या शब्दाच्या जागी दुसरीतला शब्द ठेवत गेलं तर भाषांतर होऊन जायचं. शब्द मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले. कुपवाडकरांना यासाठी काही शतकं मिळाली होती. ज्ञानदाला एक मिनिट मिळणार आहे.

त्या एका मिनिटासाठी माझं मत असं आहे की भाषा बहुसंख्येवरून ठरवू नये. खोलीत ज्याच्याकडे सर्वांत कमी पर्याय आहेत, त्याच्यावरून ठरवावी. बोरिवलीच्या गुजराती माणसाला काहीही चालतं, त्याची काळजी नको. इथं अडचण एवढीच की कमी पर्याय असलेले दोघे आहेत आणि ते विरुद्ध टोकांना आहेत. चेन्नईला हिंदी नाही, सुपरवायझरना इंग्रजी नाही. अशा वेळी सगळं बोलणं दोनदा करू नये. माणसं दुसऱ्या फेरीत ऐकायचं सोडून देतात. आधी बोलण्याचे दोन भाग करावेत. एक भाग ऐकणाऱ्याला माणूस म्हणून ओळख देतो, म्हणजे नाव, गाव, मागचं काम. दुसरा त्याच्या कामाचा, म्हणजे कशासाठी माझ्याकडे यायचं आणि येताना काय आणायचं. पहिला भाग एकाच भाषेत झाला तरी चालतो, थोडा सुटला तरी कुणाचं अडत नाही. दुसरा भाग एका वाक्यात बसवावा, आणि फक्त ते वाक्य दोन भाषांत सांगावं.

आता मिसळण्याविषयी. 'भेसळ' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना वाटतं, मिसळून बोलणारा वाटेल तिथं वाटेल तो शब्द टाकतो. तसं नसतं. कॅरल मायर्स-स्कॉटन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नैरोबीतल्या लोकांची स्वाहिली-इंग्रजी बोलणी अभ्यासून १९९३ साली मांडलं की मिसळलेल्या वाक्यात दोन भाषांचं काम सारखं नसतं. एक भाषा वाक्याचा सांगाडा पुरवते, म्हणजे शब्दांचा क्रम, प्रत्यय, क्रियापदाची रूपं. दुसरी त्यात बहुतेक नामं आणि विशेषणं बसवते. 'क्लेम सबमिट केला' या वाक्यात दोन शब्द इंग्रजी आहेत, तरी वाक्य मराठीच आहे, कारण 'केला' मराठी आहे आणि 'क्लेम'ला पुल्लिंगही आपणच बहाल केलं आहे. अशा वाक्यानं कुणी गोंधळत नाही. गोंधळ होतो तो सांगाडाच मध्येच बदलला की. ज्ञानदाच्या 'पुणे में थ्री इयर्स क्लेम्स बघत होते' या वाक्यात 'में'पर्यंत हिंदीची चौकट होती, क्रियापदाला ती मराठी झाली. आणि मराठी, हिंदी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे ऐकणारा ज्याची वाट पाहत थांबलेला असतो नेमकं तेच त्याला परक्या भाषेत मिळतं.

म्हणून भाषा बदलायची तर ती वाक्य संपल्यावर, श्वास घेऊन बदलावी. वाक्याच्या पोटात परकं नाम चालेल, तेही खोलीत सगळ्यांना ठाऊक असलेलं. वाहतुकीच्या धंद्यात असे शब्द पुष्कळ आहेत. 'पीओडी' म्हणजे माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती. हा शब्द चेन्नईपासून जौनपूरपर्यंत चालतो. ट्रकबरोबर जाणाऱ्या मालाच्या पावतीला ऑफिसात 'एलआर' म्हणतात आणि गोडाऊनवर 'बिल्टी'. सुपरवायझरशी बोलताना 'बिल्टी' म्हटलं की पुढचं निम्मं काम होतं. 'मराठवाडा, माहितीच असेल' यासारखं पदरचं वाक्य मात्र टाळावं. ते फक्त मराठी माणसांसाठी आहे हे बाकीच्यांना लगेच कळतं, आणि त्यांच्याशी आपली अजून ओळखही झालेली नसते.

चौकट हिंदीची घेतली, तर मराठी माणूस दोन-तीन ठरावीक जागी घसरतो. आपल्याकडे 'मी केलं' असं म्हणतात, प्रथमपुरुषाला 'ने' लागत नाही; म्हणून तोंडातून 'मैं किया' येतं, तिथं 'मैंने किया' हवं. एवढी चूक मुंबईत कुणी मनावर घेत नाही. 'तुम'चं तसं नाही. मराठीत 'तुम्ही' हे आदराचं. त्याचा जुळा म्हणून आपण हिंदीत 'तुम' वापरतो, पण हिंदीत 'तुम' बरोबरीच्याला किंवा धाकट्याला, आणि मोठ्याला 'आप'. वीस वर्षं मुंबईत राहिलेला माणूस हे समजून घेतो, तरी पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, पन्नाशीतल्या माणसाला पंचविशीतल्या मुलीनं 'तुम लोग' म्हणावं हे त्याला रुचत नाही. 'आप' म्हणायला काहीच खर्च येत नाही.

दुसरी घसरण बारीक आहे, आणि ती चांगली हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्यांचीही होते. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की तो आत. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ आणि मल्याळममध्येही आहे. प्रमाण हिंदीत, बंगालीत आणि इंग्रजीत नाही. तिथं 'हम' किंवा 'वुई' या एकाच शब्दाला दोन्ही कामं करावी लागतात. नव्या माणसाच्या तोंडी हा शब्द फार येतो. 'हम ऐसा करते थे', 'वुई यूज्ड टू डू इट लाइक धिस'. ऐकणाऱ्याला वाटतं, ही आपल्याला तिच्या जुन्या ऑफिसची पद्धत शिकवायला आली की काय. मराठीत 'आम्ही' ऐकताच हद्द कळली असती. हिंदी-इंग्रजीत ती हद्द शब्दांनी घालावी लागते, 'पुणे के ऑफिस में' असं. आणि इथल्या कामाबद्दल बोलताना पहिल्या आठवड्यात 'हम' जरा जपूनच वापरावा.

नावाकडे येऊ. परिचयात सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच, आणि तोच आपण सर्वांत घाईत उरकतो. ज्ञानदा काळे या नावात मराठीबाहेर न टिकणारे दोन आवाज आहेत. आपला 'ज्ञ' हा 'द्न्य'. हिंदी आणि बंगाली माणूस तो 'ग्य' म्हणतो, तमिळमध्ये 'ज्ञानम्' हा शब्द 'ञानम्' असा होतो. आणि 'ळ' हिंदी-बंगालीत नाही, म्हणून सुपरवायझर 'काले' म्हणणार. गंमत अशी की पालक्काडचे साहेब आणि चेन्नईची शाखा 'काळे' अगदी नीट म्हणतील, कारण त्यांच्या भाषांत 'ळ' भरपूर आहे. पण त्यांच्यासमोर स्क्रीनवर Dnyanada Kale असं असतं, आणि त्यावरून कुणाला काही सुचणं कठीण. आडनाव तर इंग्रजी वाचणाऱ्याला पालेभाजीचं वाटतं. म्हणून नाव दोन तुकड्यांत, सावकाश, एकदाच पण ठळक म्हणावं, आणि गरज वाटली तर 'स्पेलिंगमध्ये डी दिसतो, म्हणताना द्न्या' एवढं जोडावं. आपल्या भाषेतला उच्चार ठेवायचा की 'ग्यानदा'ला ओ द्यायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र 'काहीही म्हणा' असं सांगितलं, तर महिनाभरात तीन नावं होतात आणि फोनवर कुणाला कोण हवंय ते कळत नाही.

मराठी मंडळींत परिचयाचा पुढचा टप्पा आडनाव आणि गाव. दोन्हींवरून माणूस 'लागतो' कुठं ते काढण्याची आपली जुनी सवय. ती सवय नुसती चौकशीची नसते, जातीचीही असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मिश्र खोलीत ती अडखळते. तमिळनाडूत १९२९च्या चेंगलपट्टू इथल्या आत्मसन्मान परिषदेनं जातीदर्शक शेपूट नावातून काढून टाकण्याचं आवाहन केलं. आज तिथल्या बहुतेकांना आडनावच नसतं, नावाआधी वडिलांच्या नावाचं अद्याक्षर असतं. त्यांना 'आडनाव काय?' विचारलं तर ते वडिलांचं नाव सांगतात, आणि आपल्याकडच्या फॉर्मवर तेच आडनाव होऊन बसतं. ज्ञानदानं नाव सांगून थांबावं हे बरं. गावाचं म्हणाल, तर 'मराठवाडा' या शब्दानं कोलकात्याच्या किंवा चेन्नईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. 'मुंबईहून रात्री ट्रेनमध्ये बसलं की सकाळी लातूर' म्हटलं की अंतर आणि दिशा नाही तरी निदान प्रवास तरी समजतो.

एवढं सगळं ध्यानात घेऊन ज्ञानदाचा परिचय पुन्हा लिहिला, तर तो असा होईल. चौकट इंग्रजीची, वाक्यं आखूड, सुरुवात मराठीत, आणि एक वाक्य हिंदीत.

"नमस्कार. मी ज्ञानदा, ज्ञानदा काळे.

गुड मॉर्निंग, एव्हरीवन. आय ॲम ज्ञानदा. आय कम फ्रॉम लातूर, वन नाइट बाय ट्रेन फ्रॉम मुंबई. फॉर थ्री इयर्स आय हँडल्ड ट्रान्झिट क्लेम्स इन पुणे. हिअर ऑल्सो आय विल हँडल क्लेम्स. इफ गुड्स अराइव्ह डॅमेज्ड ऑर शॉर्ट, प्लीज गेट अ रिमार्क ऑन द पीओडी अँड सेंड इट टू मी द सेम डे.

डिस्पॅच के लिए एक बात हिंदी में. माल टूटा या कम निकले, तो पीओडी पर रिमार्क लिखवा लीजिए और बिल्टी के साथ उसी दिन मेरे पास भेजिए.

थँक यू. आय सिट नेक्स्ट टू अकाउंट्स."

घाई न करता म्हटलं तर हे पाऊण मिनिटाचं बोलणं आहे. मराठी फक्त पहिल्या ओळीत आहे, पण ती ओळ पूर्ण वाक्याची आहे. मुंबईत उभं राहून मराठीत सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि नाव आपल्याच भाषेत आधी उच्चारलं की उच्चारही कानावर पडतो. ती ओळ कुणाला समजली नाही तरी पुढच्याच वाक्यात तीच माहिती येते. 'मायसेल्फ ज्ञानदा' गेलं आणि 'आय ॲम' आलं, हे वेगळं सांगायला नको. हिंदीकडे वळण्याआधी 'डिस्पॅच के लिए' असं म्हटलं आहे. हे छोटं आहे पण सोडू नये. कुणासाठी भाषा बदलतो आहोत ते कळलं की चेन्नईवाले निवांत राहतात, त्यांचं काही सुटत नाही हे त्यांना समजतं. मात्र 'ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी' असं चुकूनही म्हणू नये. कामाचं नाव घ्यावं, कमतरतेचं नको.

परिचयातल्या हिंदी वाक्यात एकही आकडा नाही, तो मुद्दाम टाळला आहे. मिश्र खोलीत सगळ्यात आधी आकडे निसटतात. मराठीतला 'सदुसष्ट' आणि हिंदीतला 'सड़सठ' आपल्यालाच झटकन लागत नाहीत, मग तमिळ माणसाचं काय? त्यांच्या भाषेत आधी साठ, मग सात, असा सरळ क्रम असतो. आपल्याकडे सात आधी आणि साठ नंतर, आणि 'एकोणसत्तर'ला तर वजाबाकीच करावी लागते. 'अडीच' आणि 'ढाई' तर एकमेकांना ओळखही देत नाहीत. एक्स्टेंशन नंबर, तारीख, रक्कम इंग्रजी आकड्यांत सांगावी. मुंबईतली बहुतेक हिंदी माणसंही हल्ली तसंच करतात.

या प्रकारातली काही मोहाची ठिकाणं आहेत. स्क्रीनवर चेन्नई दिसली की 'वणक्कम' म्हणायची हौस येते. एक शब्द म्हणून तो गोड आहे, पण त्यापुढं एकही वाक्य येत नसेल तर समोरच्याला तमिळमध्ये उत्तर द्यावं की हसावं, हे कळत नाही. शिवाय मग बंगाली मुलीनं काय पाप केलं? सगळ्यांना एकेक शब्द वाटायला गेलं, तर परिचय विमानातल्या घोषणेसारखा होतो. दुसरा मोह बाजूला बसलेल्या मराठी सहकाऱ्याकडे वळून हळूच दोन वाक्यं बोलण्याचा. विषय जेवणाचा असला तरी खोलीला तो आपल्याबद्दलचा वाटतो. एकास एक बोलणं बाहेर पडल्यावर हव्या त्या भाषेत करावं. तिसरा मोह विनोदाचा. भाषेवरचा विनोद मिश्र खोलीत निम्म्यांना कळत नाही आणि उरलेल्यांतल्या एकाला लागतो.

परिचय पोचला की नाही, हे टाळ्यांवरून ओळखता येत नाही. टाळ्या सगळ्यांसाठी वाजतात. पुढच्या दोन दिवसांत येणारे प्रश्न पाहावेत. चेन्नईहून मेल आला आणि त्यात 'प्लीज कन्फर्म, रिमार्क टू बी साइन्ड बाय द ड्रायव्हर ऑल्सो?' असं विचारलं असेल, तर ते वाक्य पोचलं आणि पुढचा प्रश्न सुचण्याइतकं पोचलं. सुपरवायझरनी 'मॅडम, क्लेम का काम कौन देखता है?' असं अकाउंट्समध्ये विचारलं असेल, तर हिंदी वाक्य भरभर म्हटलं गेलं. तसं असेल तर गोडाऊनवर जाऊन ते पुन्हा सांगावं. त्या वेळी पूर्ण हिंदीत, आणि हातात एखादी जुनी पीओडी घेऊन रिमार्क नेमका कुठं लिहायचा ते दाखवावं. 'माल मिळाला' असा छापील मजकूर आणि त्याखाली कोरी सही असली, तर विमा कंपनी विचारते की माल चांगला मिळाल्याची सही आहे, मग नुकसान कधी झालं? हे गोडाऊनवर बोटानं दाखवलं की लगेच समजतं.

आणि एक प्रसंग दुपारी हमखास येतो. पालक्काडचे साहेब चहाच्या वेळी जवळ येतात आणि सकाळची 'मी ज्ञानदा' ओळ ऐकून धीर करून विचारतात, "तुम्ही लातूर मध्ये कुठे राहता?" व्याकरण थोडं लंगडं, उच्चार मल्याळम. इथं मराठी माणूस शंभरातून नव्वद वेळा उपकार केल्यासारखा हिंदी किंवा इंग्रजीत उत्तर देतो. समोरच्यानं वर्षानुवर्षं संकोचानं मागं ठेवलेली मराठी पहिल्याच वाक्याला परत पाठवली जाते, आणि मग आपणच तक्रार करतो की इथं राहून हे लोक मराठी शिकत नाहीत. ज्ञानदानं मराठीतच उत्तर द्यावं, आखूड वाक्यांत, जरा सावकाश, त्यांचं वाक्य न सुधारता: "औसा रोडला, सर. तुमचं गाव कुठलं?"